वरच्या झाकणापासून मोजलेलं जोतं

पहाटे ५:३०

ब्रह्मा घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर मदतीचा मुलगा स्टाफ धरून उभा आहे आणि मी आठ-दहा पायऱ्या वर लेव्हल यंत्राचे पाय पसरतोय. जून अर्धा झाला, पाऊस अजून यायचाय. गंगा वर्षातल्या सगळ्यांत खालच्या पातळीवर असल्यामुळे एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्याही उघड्या पडल्या आहेत. दुपारी हा दगड असा तापतो की यंत्रातून पाहताना स्टाफवरचे आकडे थरथरतात, म्हणून नदीकाठचं काम उजाडतानाच उरकायचं.

आज ठरवायचंय ते घाटामागच्या गलीतल्या एका जुन्या मराठी घराच्या जोत्याची उंची. पेशवाईपासून ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या पट्ट्यात आपली माणसं राहत आली आहेत, आणि त्या काळच्या बांधणीची चौकाची घरं इथे अजून नांदती आहेत. गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगी काढून. त्यामुळे इथे जोतं ठरवणं म्हणजे मोकळ्या प्लॉटवर पाया आखण्यासारखं नाही. भिंती, तुळया, छत, सगळं आहे तिथेच राहणार आणि त्यांच्या मधोमध तळमजल्याची जमीन किती उचलायची एवढाच प्रश्न आहे. तळमजल्यात दर पावसाळ्यात घाण पाणी येतं.

घरातल्या काकूंच्या मनात १९७८ सालचा पूर आहे. त्या वर्षी ९ सप्टेंबरला वाराणसीत गंगा ७३.९० मीटरला पोचली होती. इथली धोक्याची पातळी ७१.२६ आहे आणि आजवरचा उच्चांक तोच १९७८ चा. काकू तेव्हा लग्न होऊन नुकत्या आल्या होत्या. "जोतं असं करा, की तेवढं पाणी पुन्हा आलं तरी आत शिरायला नको," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. तेव्हा आधी त्याचाच हिशेब लावायचा: १९७८ चं पाणी त्यांच्या दारापासून किती खाली होतं?

केंद्रीय जल आयोग राजघाटला गंगेची पातळी मोजतो. त्यांचा सकाळचा आकडा घ्यायचा, त्याच वेळी इथे पाण्याच्या पृष्ठाला स्टाफ टेकवायचा आणि तिथून पायरी-पायरीने पातळी वर गलीत न्यायची. राजघाट इथून खाली, प्रवाहाच्या दिशेला आहे, म्हणून इथलं पाणी तिथल्यापेक्षा थोडं वर असतं. उन्हाळ्यात फरक नगण्य, पुरात मात्र धरावा लागतो. मी दहा-बारा सेंटीमीटर जास्त धरतो.

आजचा आकडा ५८.६०.

७:१५

यंत्र एका जागी लावून फार तर तीन मीटर चढ मिळतो. मग यंत्र उचलायचं, वर लावायचं, मागचं वाचन, पुढचं वाचन. अंघोळीला येणारी माणसं मधून जातात, तेवढा वेळ थांबायचं. वर पोचल्यावर देवळाच्या चबुतऱ्यावरच्या एका न हलणाऱ्या दगडावर खडूने खूण केली आणि परत खाली पाण्यापर्यंत मोजत आलो. दोन्ही फेऱ्यांत ८ मिलिमीटरचा फरक आला. जोत्याच्या कामाला हा चालतो. दोन सेंटीमीटरच्या वर गेला असता तर सगळं पुन्हा केलं असतं.

घराच्या दारापुढच्या गलीची पातळी निघाली ७६.४० मीटर. १९७८ चा उच्चांक, त्यात राजघाटपासूनचा फरक मिळवून, ७४.०२. म्हणजे आजवरचा सर्वांत मोठा पूरसुद्धा या दाराच्या २ मीटर ३८ सेंटीमीटर खाली राहिला होता. खालच्या बाजूच्या घरांची गोष्ट वेगळी, पण या घरात पायऱ्या चढून गंगा आलेली नाही.

मग दर पावसाळ्यात येतं ते पाणी कुठलं?

८:००

गलीच्या तोंडाशी कचौडी-जिलेबी खाताना मिस्त्री येऊन मिळाला. त्याचा निर्णय तयार आहे. "साहब, गली से डेढ़ फुट कुर्सी दे दीजिए. सब यही देते हैं." तो उगाच बोलत नाही. राष्ट्रीय इमारत संहितासुद्धा जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर ठेवायला सांगते, आणि दीड फूट म्हणजे तेवढंच. सपाट रस्त्यावर, बाजूने वाहतं उघडं गटार असलेल्या गावात मीही डोळे मिटून तेवढं देतो. पण ही गली उतरती आहे, गटार तिच्या पोटात आहे, आणि "गली से" म्हणजे गलीच्या नेमक्या कोणत्या जागेपासून, हे अजून कोणी पाहिलेलं नाही.

इथून पुढे समुद्रसपाटीचे आकडे सोडून देतो. दाराच्या मधोमध समोर असलेला गलीतला दगडी चौका म्हणजे शून्य. त्याच्या वर किती, खाली किती, ते सेंटीमीटरमध्ये. घरातली माणसंही मग हिशेबात भाग घेऊ शकतात.

८:४५

या घराजवळ सीवरची दोन चेंबरं आहेत. एक दारापासून ११ मीटर चढाकडे, दुसरं ९ मीटर उताराकडे. जलकलच्या माणसाने दोन्ही झाकणं काढली आणि आम्ही अर्धा तास तशीच उघडी ठेवली. आत कोणी उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही. आतल्या वायूने माणसं गेली आहेत. स्टाफ वरूनच सोडायचा आणि बॅटरीच्या उजेडात वाचायचं.

आधी झाकणांच्या पातळ्या घेतल्या. उताराकडचं झाकण शून्याच्या ३५ खाली, चढाकडचं ४३ वर. दिवसभरातला सगळ्यांत कामाचा आकडा हा दुसरा.

गली कोरडी असतानाही सीवर वाहतच असतं. समजा, घर आणि खालचं चेंबर यांच्यामध्ये चिंध्या, प्लास्टिक, बांधकामाची रेती असं काहीतरी अडकलं. वरच्या घरांचं पाणी येतच राहणार. त्याला खाली वाट नाही, म्हणून ते पाइपात साचत साचत वर चढणार. किती चढेल? जिथून बाहेर पडायला सगळ्यांत खालचं तोंड मिळेल तिथपर्यंत. खालच्या चेंबरचं झाकण तुंबण्याच्या पलीकडे आहे, त्याचा उपयोग नाही. उरतं वरचं झाकण, ४३ सेंटीमीटरवर. पण त्याआधी या घरातल्या मोरीची जाळी लागते, कारण चौकातली ती जाळी शून्याच्याही खाली आहे. त्यामुळे वरच्या झाकणातून एक थेंबही बाहेर न येता सगळ्या वरच्या घरांचं सांडपाणी या चौकात उतरतं. शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. काकूंच्या मुलाने मला सांगितलंच होतं, "अहो, गली कोरडी असते आणि आमच्या चौकात घोटाभर पाणी!" त्याला याचं कोडं वाटत होतं. सीवर तुंबल्याची ती सरळ खूण आहे. पाणी गलीतून आलं असतं तर उंबरा आधी भिजला असता.

नदीचाही संबंध आहे, पण लांबचा. घाटाकडे जाताना सीवर पुराच्या पातळीखाली उतरतं. गंगा चढली की तो खालचा भाग भरून राहतो आणि वरच्या पावसाला वाट उरत नाही. तरी त्या वेळी पाणी खालच्या, घाटाजवळच्या झाकणांतून आधी बाहेर पडेल, कारण ती पुष्कळ खाली आहेत. इतक्या वर ते चढायचं नाही. या घराचा धोका गंगा आणत नाही, घर आणि खालचं चेंबर यांच्यामधला ९ मीटरचा पाइप आणतो.

म्हणून उतरत्या गलीत जोत्याचा शून्य दारापुढे धरायचा नाही. तो चढाकडच्या पहिल्या झाकणावर धरायचा.

झाकण उघडं आहे तोवर आणखी एक पाहून घेतलं. चेंबरच्या गळ्याशी बॅटरी फिरवली की आतल्या भिंतीत थर दिसतात. तळाशी पातळ लाखौरी विटा, चुन्यात बसवलेल्या. त्यांच्यावर आजच्या मापाच्या विटांचे दोन थर, सिमेंटमधले. त्याच्यावर काँक्रीटचं कडं आणि मग झाकण. गली उचलली गेली तसतसा चेंबरचा गळा उंच होत गेला. वरचे विटांचे थर आणि कडं मिळून ३२ सेंटीमीटर भरले. पुढच्या वेळी गलीत पुन्हा चौके बसतील तेव्हा जुने उखडून त्याच पातळीला बसवतील अशी आशा मी धरत नाही. वाळूचा थर आणि दगड मिळून १० सेंटीमीटर तरी वाढतील.

१०:३०

आता घरात. दारातून आत देवडी, देवडीच्या एका बाजूला दगडी ओटा, पुढे चौक आणि चौकाभोवती खोल्या. पूर्वी या उंबऱ्याला गलीतून तीन पायऱ्या चढून यावं लागे, असं काकू सांगतात. आज उंबरा शून्याच्या फक्त ६ वर आहे. पायऱ्या गेल्या नाहीत, गलीच्या चौक्यांखाली गाडल्या गेल्या. खोल्यांची जमीन ४ वर, चौक २८ खाली.

भिंतींवरचे डाग मी नेहमी पायापासून नीट बघतो, कारण ओल दोन तऱ्हेची असते आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मागच्या खोलीत भिंतीवर एक आडवी, ठळक, चारी भिंतींवर एकाच उंचीची रेघ आहे. तिच्या खाली करडा गाळ दगडाच्या खरबरीत पृष्ठात बसला आहे. ही साचलेल्या पाण्याची रेघ. म्हणजे पाणी तिथपर्यंत चढलं होतं आणि तुंबलेलं सुटल्यावर उतरलं. तिच्याही वर, कमरेपर्यंत, पांढरा लोणा फुटला आहे, कुठे जास्त कुठे कमी, कडा विस्कटलेल्या. ही जमिनीतून भिंतीत चढणारी ओल. जोतं उंच केल्याने पहिली थांबेल. दुसरी चुकीच्या भरावाने वाढेल.

मग उंची वाढवायला वर जागा किती आहे ते पाहिलं. खोलीची उंची छताच्या दगडी पाटियांपर्यंत ३ मीटर ३०, तुळईच्या पोटापर्यंत ३ मीटर २. राहण्याच्या खोलीला २ मीटर ७५ उंची लागते आणि तुळईखाली २ मीटर ४० तरी. हा आकडा मी वहीच्या समासात वेगळा लिहून ठेवतो. जोत्याला खालून गटार ढकलतं आणि वरून छत दाबतं; या दोघांमध्ये जी फट उरेल तिच्यातच निर्णय बसवायचा असतो. पुष्कळ जुन्या घरांत ती फटच उरत नाही, आणि मग तळमजला राहायला वापरू नका एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

१२:००

जेवणाआधी एक साधी परीक्षा घेतली. गलीत, वरच्या झाकणाजवळ, बादल्या ओतल्या आणि पाणी कुठून जातं ते पाहिलं. यंत्र उतार सांगतं, पण चौक्यांच्या सांध्यांतून पाणी कोणत्या कडेला कलतं ते ओतल्याशिवाय कळत नाही. पाणी समोरच्या भिंतीकडे गेलं, या दाराच्या कडेला पातळ पट्टा आला. दाराजवळ गलीची कड मध्यापेक्षा ३ सेंटीमीटर खाली आहे. मोठ्या पावसात गलीभर पाणी वाहील तेव्हा उंबऱ्याची ६ सेंटीमीटर उंची पुरेल की नाही याचा भरवसा नाही.

काकूंनी पानं वाढली. वरण-भात, लिंबू, भरली वांगी. त्यांनी विचारलं, "मग अठ्ठ्याहत्तरचं काय?"

"काकू, ते पाणी तुमच्या दाराच्या अडीच मीटर खाली होतं."

"पण घरात तर आलं होतं. मी स्वतः उपसलंय."

त्यांची आठवण खोटी नाही. पाणी आलंच असणार. पण खालून नदी चढून नव्हे, तुंबलेल्या सीवरमधून, मोरीच्या वाटेने. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "वास होता खरा. गंगेच्या पाण्याला तसा वास नसतो."

१:३०

देवडीतल्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. दुपारी गलीत हीच जागा गार असते.

वरचं झाकण ४३. पुढच्या वेळी गली उचलली जाईल त्यासाठी १०. त्याच्यावर हाताशी असावेत म्हणून ५. बेरीज ५८. खोल्यांची नवी जमीन शून्याच्या ५८ सेंटीमीटर वर. मिस्त्रीचा दीड फूट, म्हणजे ४५, आजच्या झाकणाच्या फक्त २ सेंटीमीटर वर राहिला असता. यंदा घर वाचलं असतं आणि गलीत एकदा नवे चौके बसले की पुन्हा बुडायला लागलं असतं.

खोल्या आज ४ वर आहेत, म्हणजे ५४ उचलायच्या. छताखाली उरतील २ मीटर ७६, तुळईखाली २ मीटर ४८. एका सेंटीमीटरने बसलं. म्हणूनच हाताशी ठेवलेले ५ वाढवून १५ करावेत असा मोह मला आवरावा लागला.

चौक मात्र खोल्यांइतका उचलायचा नाही, नाहीतर पावसाचं पाणी खोल्यांत जाईल. तो ३० वर धरला. आता एक गोष्ट उघड दिसते: ३० हे ४३ पेक्षा कमी आहे. चौक वरच्या झाकणाच्या खालीच राहणार. त्यावर तोड एकच, चौकात सीवरला जोडलेलं एकही तोंड ठेवायचं नाही. भांडी घासायची मोरी उचलून खोल्यांच्या पातळीवरच्या कट्ट्यावर न्यायची. न्हाणीघर आणि संडास खोल्यांच्या पातळीवर आहेतच. न्हाणीची जमीन ३ सेंटीमीटर खाली धरली तरी तिची जाळी ५५ वर येते, उद्याच्या उचललेल्या झाकणाच्याही २ वर.

चौकात पडणारं पावसाचं पाणी आणि त्यात उतरणारं गच्चीचं पाणी वेगळ्या पाइपाने सरळ गलीच्या पृष्ठावर सोडायचं. सीवरमध्ये नाही. जे पाणी सीवरला जोडलेलंच नाही त्या वाटेने सीवर परत येऊ शकत नाही. पाइप ११० मिलिमीटरचा, देवडीतल्या ओट्याच्या पोटातून पाच मीटर नेला, ८० ला १ असा उतार दिला की चौकाकडचं टोक १८ वर आणि गलीकडचं १२ वर येतं. गलीची कड आज ३ खाली, म्हणजे पाइपाच्या तोंडाखाली १५ सेंटीमीटर मोकळे. गली १० ने उचलली गेली तरी ५ उरतात. चौक आणि गच्ची मिळून सत्तर चौरस मीटरच्या आसपास, तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तरी सेकंदाला दोन लिटर. एवढं पाणी हा पाइप सहज नेतो, फक्त जाळी मोकळी हवी.

उंबरा आणि देवडी आहेत तिथेच. कोरीव चौकटीला हात लावायचा नाही असं घरच्यांचं म्हणणं आहे आणि माझंही. गलीत बाहेर पायरी काढायची नाही. आठ फुटी गलीत एक पायरी म्हणजे शेजाऱ्याच्या वाटेवर अतिक्रमण. त्यामुळे देवडी ही भिजायची जागा म्हणून सोडून द्यायची. दगडाची जमीन, विजेचं बटण कमरेच्या वर, लाकडी सामान काही नाही. चौकटीच्या दगडाला दोन्ही बाजूंना खाच पाडून ठेवायची, मोठ्या पावसात तीत फळी सरकवता येते. देवडीतून चौकात २४ सेंटीमीटरचा चढ, १२ च्या दोन पायऱ्या. चौकातून खोल्यांत २८, म्हणजे १४ च्या दोन. काकूंच्या गुडघ्यांना एवढं झेपतं. उद्या गली वाढली तर देवडीची जमीन एका थराने उचलता येईल, त्यासाठी दुसरं काही फोडावं लागणार नाही.

४:००

प्लंबर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढी तोडफोड कशाला, घराच्या जोडणीवर पाणी उलट न येऊ देणारा एक व्हॉल्व्ह बसवला की झालं. हा प्रश्न कोणीतरी विचारतोच आणि तो विचारायलाच हवा, कारण जिथे छत उंची देत नाही तिथे शेवटी तोच आधार असतो.

व्हॉल्व्हमध्ये एक झडप असते. घरातलं पाणी बाहेर जाताना ती उघडते, बाहेरून पाणी चढलं की मिटते. पण मिटलेली असताना घरातलंही पाणी बाहेर जाऊ शकत नाही. या घरात वर दोन मजले आहेत. त्यांचा उभा पाइप व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला जोडलेला असेल तर वर कोणी अंघोळ केली की ते पाणी खाली उतरतं, झडपेपाशी अडतं आणि तळमजल्याच्या न्हाणीतून वर येतं. बाहेरचं पाणी अडवलं आणि स्वतःच्याच पाण्याने घर भरलं, अशी घरं मी पाहिली आहेत. व्हॉल्व्ह बसवायचाच असेल तर फक्त तळमजल्याची जोडणी त्याच्यामागे हवी आणि वरच्या मजल्यांचा पाइप त्याला वगळून गलीच्या बाजूला, स्वतंत्र. वरच्या पाण्याला मजल्याची उंची असते, ते तुंबलेल्या सीवरमध्येही स्वतःला ढकलत जातं.

दुसरी अडचण झडपेची. तिच्या कडेला केस किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकला की ती पुरती मिटत नाही, आणि हे कळतं ते पाणी आत आल्यावरच. दर पावसाळ्याआधी ती उघडून धुवावी लागते. घरात हे कोण करणार, असं प्लंबरने विचारल्यावर काकूंच्या मुलाने खाली पाहिलं. उंच जमिनीला कोणी धुवावं लागत नाही. मी व्हॉल्व्ह नको म्हणालो, पण वरच्या मजल्यांचा पाइप तळमजल्यापासून वेगळा करून घ्यायला सांगितलं. घराची स्वतःची जोडणी गलीपर्यंत पोचायच्या आत तुंबली तर वरच्यांचं पाणी खालच्या संडासातून यायला नको.

५:१५

मिस्त्रीशी भरावाचं बोलणं. पाडलेल्या पलस्तराचा आणि विटांचा मलबा दारातच पडलाय आणि तोच ५४ सेंटीमीटर भरून वर फरशी टाकावी, असं त्याला वाटतं. वाहतूक वाचते, गलीतून गाढवावर मलबा बाहेर काढणं महाग आहे. मी दोन कारणांनी नाही म्हटलं. जुन्या चुन्याच्या मलब्यात क्षार असतात, ते ओल धरतात आणि मग लोणा नव्या जमिनीच्याही वर फुटतो. शिवाय भिंतीचा खालचा भाग दगडाचा आणि वर लाखौरी वीट आहे. भराव ५४ ने चढला की ओली माती विटेला टेकते आणि भिंत ती ओल आणखी वर ओढते.

म्हणून निम्मा भराव, निम्मी पोकळी. खालचे २६ सेंटीमीटर जाडी वाळू, दोन थरांत पाणी मारून कुटलेली. त्याने खोलीचा पोट-भाग चौकाच्या पातळीला येतो, तिथे खड्डा राहत नाही. त्याच्यावर १९ सेंटीमीटरच्या बुटक्या भिंती, दोन फुटांच्या अंतराने. त्यांच्यावर चुनारच्या दगडाच्या पाटिया आणि फरशी, मिळून ९. बेरीज ५४. चौकाकडच्या बाजूला पोकळीला हवेची भोकं, उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावून. जुन्या भिंतीवर भरावाचा आडवा दाबही कमी पडतो. भिंतींना आतून सिमेंटचं पलस्तर करायचं नाही, चुन्याचंच. सिमेंट ओल आत कोंडतं आणि ती वरून फुटते.

मिस्त्रीने विचारलं, खोल्यांचे दरवाजे? ते सगळ्यांत अवघड काम आहे. जमीन ५४ ने वर आली की दरवाजाची माथ्यावरची शिळा तेवढीच वर जायला हवी. एका वेळी एकच दरवाजा, दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचा टेका देऊन, शिळेवरची वीट काढून, आणि नवी शिळा बसून चुना धरेपर्यंत पुढच्या दरवाजाला हात नाही. घाई केली तर वरची तुळई बसते.

६:३०

पातळीची खूण. यंत्र चौकात लावता येतं पण खोल्यांत आडोसे फार, म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी नेली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की दोन टोकांत सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा फरक पडतो आणि तो डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेघेत येतंय ना ते पाहिलं. मग एक टोक उंबऱ्यापाशी, दुसरं भिंतीवर.

खूण नव्या जमिनीच्या पातळीवर करत नाही, तिच्या बरोबर एक मीटर वर करतो. जमिनीचं काम सुरू झालं की खालची रेघ भराव आणि गारा यांत बुजते, वरची शेवटपर्यंत दिसते. गेरू लावलेली दोरी ताणून चारी भिंतींवर फटका मारला. मिस्त्रीला सांगितलं, या रेघेपासून खाली एक मीटर म्हणजे फरशीचं वरचं अंग, फरशीखालचं नाही. रेघेशेजारी भिंतीवर तेच लिहूनही ठेवलं. पातळीच्या निम्म्या चुका इथेच होतात, फरशीची जाडी कोणी धरली आणि कोणी नाही यात.

काकूंचा मुलगा मघापासून रेघेकडे बघत होता. त्याने शेजारच्या घराचं विचारलं. ते घर उताराकडे, पाइपाच्या त्याच तुकड्यावर, आणि त्यांचा चौकही तसाच खाली. आपलं तोंड बंद झाल्यावर तुंबलेलं पाणी कुठे जाणार? त्यांच्याकडे. त्याने विचारलं हे मला आवडलं, कारण उत्तर त्याच्या सोयीचं नव्हतं. आम्ही दोघं शेजारी गेलो, त्यांना चौकातली जाळी दाखवली, वरच्या झाकणाची उंची सांगितली. त्यांच्या चौकापासून ते झाकण तर ९० सेंटीमीटरच्या वर निघालं. त्यांचं छतही बुटकं. त्यांना जोतं उचलणं जमणार नाही; मोरी काढून टाकणं, तळमजल्याचा संडास बंद करणं आणि पावसाचं पाणी शक्य तेवढं वेगळं काढणं, एवढंच. आणि दोन्ही घरांनी मिळून जलकलला अर्ज द्यायचा की या दोन चेंबरांमधला तुकडा पाऊस पडायच्या आत साफ करून द्यावा. अर्जात दोन्ही झाकणांच्या पातळ्या आणि पाइपाची लांबी लिहिली, नुसतं "पाणी तुंबतं" असं लिहिलं नाही.

७:४५

वहीत शेवटची पानं भरली. चबुतऱ्यावरच्या खडूच्या खुणेचं वर्णन आणि तिची पातळी, दोन्ही झाकणं, उंबरा, चौक जुना आणि नवा, पाइपाची दोन टोकं, खोल्यांची जमीन. एक प्रत घरच्यांना दिली, ती घराच्या कागदपत्रांत ठेवायला सांगितली. पुढे कधी गलीत चौके बदलायला माणसं आली की याच खुणेपासून नवी पातळी मोजायची, आणि ती १० सेंटीमीटरपेक्षा जास्त चढत असेल तर काम चालू असतानाच बोलायचं. दगड बसल्यावर कोणी उखडत नाही.

उद्या सकाळी सातला बल्ल्या येतील. पहिला दरवाजा मागच्या खोलीचा.